लोभ नको, अहवाल हवा

दिवाळीच्या अंकात आजारपणाचे पुराण लावणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. परंतु आमच्याकडे रोग सणवार पाहून येत नाहीत. उलट दिवाळीला पुण्या-मुंबईची मुले घरी येतात, आईची चाल बदललेली त्यांच्या नजरेस पडते, आणि मग भाऊबीज आटोपून मंडळी माझ्या दवाखान्यात येऊन बसतात. "आईचा फोटो काढून झालाय, रिपोर्ट यायचाय," असे सांगतात. हा 'यायचाय' शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याच्याविरुद्ध एकदा उघड भांडावे असे माझ्या मनाने घेतले आहे. वाचकांनी करंजी हातात ठेवूनच ऐकावे; माझी हरकत नाही.

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. अरुणावतीच्या काठी, नागपूर-तुळजापूर रस्त्यावर वसलेले. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे दूरवरच्या लोकांनाही ते ठाऊक असते. जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे ४० किलोमीटर. खोकला, ताप, साखर, रक्तदाब, विंचू आणि फवारणीची बाधा एवढ्यांशी आम्ही येथल्या येथे झुंजतो. त्यापुढचे काही दिसले की चिठ्ठी लिहून रोग्याला मोठ्या गावी पाठवतो. रोगी एस.टी.त बसतो, आणि आपले काम झाले असे समजून आम्ही पुढच्या रोग्याला आत बोलावतो. माझे भांडण येथूनच सुरू होते, आणि त्यातला पहिला प्रतिवादी मी स्वतःच आहे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एक बाई माझ्याकडे आली. वय पंचेचाळीसच्या आसपास. कमरेला ओटी बांधून कापूस वेचणारी. तिची ओळख पटू नये म्हणून नावगाव सांगत नाही. दोन महिने पाठ दुखत होती. वेचणीच्या दिवसांत आमच्या भागात कोणत्या बाईची पाठ दुखत नाही? परंतु हिची पाठ रात्री अधिक दुखे, पडून राहिले तरी थांबत नसे. सायंकाळी अंगात कणकण येई, आणि अंगावरचे पोलके सैल झाले होते. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवीत खाली आलो, तेव्हा दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या जरा खाली एका ठिकाणी ती एकदम विव्हळली. कामाने दुखणारी पाठ सगळीच दुखते आणि विसाव्याने उतरते. रात्री जागवणारी, ताप आणणारी, वजन उतरवणारी आणि एका मणक्यावर बोट ठेवताच ओरडायला लावणारी पाठ निराळी. तिच्यात बहुधा क्षय, पू किंवा गाठ लपलेली असते. हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी एम.आर.आय. सांगितला. परंतु चिठ्ठीवर काय लिहिले? "पाठदुखी. एम.आर.आय. पाठ." एवढेच. खाली सही, आणि शाई संपत आलेला शिक्का.

सोमवारी तिचे चित्र काढले गेले. ज्या संस्थेत काढले तिचे नाव मी घेत नाही. कारण नाव घेतले की तेवढीच एक वाईट आणि बाकीच्या चांगल्या असा सोयीचा समज होतो. "रिपोर्ट बुधवारी" असे सांगण्यात आले. गुरुवारी तिच्या नवऱ्याने फोन केला. "तयार झाला की कळवू," असे उत्तर मिळाले. शुक्रवारी तो मजकडे आला. तेव्हा मी डॉक्टरी बाण्याने एक पत्र लिहून त्याच्या हाती दिले. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. ती येथे देतो, कारण माझ्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांच्या टेबलावरून अशीच पत्रे जातात.

"महोदय, सा. न. वि. वि. माझ्या सांगण्यावरून आपल्याकडे एका महिला रुग्णाची एम.आर.आय. तपासणी करण्यात आली आहे. अद्याप अहवाल प्राप्त झालेला नाही. तरी आपल्या सवडीने अहवाल शक्य तितक्या लवकर देण्याची कृपा करावी. तसदीबद्दल क्षमस्व. कळावे, लोभ असावा, ही विनंती."

काय सुरेख पत्र आहे! शाळेत असताना याला दहापैकी नऊ गुण मिळाले असते. यात सभ्यता आहे, नम्रता आहे, क्षमायाचना आहे. नाही ती फक्त रोगी. तिचे वय नाही, तपासणीचा क्रमांक नाही, तारीख नाही. मला कशाची भीती वाटते ते नाही. अहवाल आल्यावर मी काय करणार तेही नाही. आणि 'आपल्या सवडीने' व 'शक्य तितक्या लवकर' हे दोन शब्दप्रयोग एकाच वाक्यात शेजारी बसवून मी वाचणाऱ्याला हवे ते निवडण्याची मोकळीक दिली आहे. शनिवारी नवऱ्याने ते पत्र खिडकीवर नेऊन दिले. तेथील कारकुनाने त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारला आणि ते एका फायलीत लावले. त्याच्यावर माझा राग नाही. त्या पत्रात फायलीत लावण्यापलीकडे करण्यासारखे होते तरी काय?

मंगळवारी, म्हणजे चित्र काढल्यापासून नवव्या दिवशी, बाई परत आली. नवऱ्याच्या खांद्याला धरून, पाय ओढत. मी विचारले, "बाई, पाठ कशी आहे?" तर ती म्हणाली, "पाठीचं राहू द्या डाक्टरसाहेब, माह्या पायातली चप्पल कवा निंगून जाते, समजतच नाही. मांगून पोरगी घेऊन येते."

हे वाक्य ऐकताच माझ्या पोटात गोळा आला. चप्पल निसटणे हे आपल्याकडच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक असलेले लक्षण आहे. बूट घालणाऱ्यांच्या देशात ते सहज ध्यानात यावयाचे नाही. पायाची बोटे चप्पल धरून ठेवतात, आणि मेंदूला त्याची खबर क्षणोक्षणी पोचत असते. ही खबर कण्यातल्या मज्जारज्जूतून वर जाते. मणका सडून, त्यातला पू किंवा तुकडा मागे सरकून त्या रज्जूवर दाबू लागला, की खबरही तुटते आणि पकडही जाते. मी तिला टेबलावर घेतले. गुडघ्यावर हातोडी मारताच पाय झटक्याने उडाला; वरून येणारा लगाम सुटल्याची ती खूण. तळपायावर किल्लीने रेघ ओढली, तर अंगठा खाली वळण्याऐवजी वर उचलला गेला. बेंबीच्या खाली कापसाचा स्पर्श बोथट लागत होता. शेवटी, जे ती आपण होऊन कधीच बोलली नसती, ते मी विचारले. सकाळपासून लघवी थेंबथेंब होत होती, जोर करावा लागत होता.

पाय अडखळतात तेव्हा दिवस मोजावयाचे. लघवी अडते तेव्हा तास मोजावयाचे. दाबलेला मज्जारज्जू किती सुधारेल, हे तो किती दाबला गेला आणि किती काळ दाबलेला राहिला यावर पुष्कळसे ठरते. पाय हलत आहेत तोवर दाब निघाला, तर चालण्याची आशा मोठी. ते पुरते लुळे पडून दिवस गेले, तर आशा झपाट्याने घटते. क्षयाचा दाब इतर पुष्कळ दाबांपेक्षा दयाळू असतो, उशिरानेही कधी सुधारतो, हे खरे. परंतु समोर क्षय आहे की दुसरे काही, हेच तर मला ठाऊक नव्हते. ते ज्या कागदावर लिहिलेले होते तो कागद 'यायचा' होता.

येथे मी एक गोष्ट योग्य केली. ती सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मी अहवालाची वाट पाहणे त्या क्षणी थांबवले. आधी १०८ क्रमांकाची गाडी बोलावली. ज्या रुग्णालयात मणक्याची शस्त्रक्रिया होते तेथे फोन करून रोगी निघाल्याचे सांगितले. बाईला सपाट फळीवर, चौघांनी मिळून ओंडक्यासारखी एकसंध उचलून ठेवावी, कंबरेत वाकवू नये, अशी ताकीद दिली. मूत्राशय मोकळे करण्यासाठी नळी घातली. आणि गाडी येईपर्यंतच्या अर्ध्या तासात दुसरे पत्र लिहिले. ते असे:

"तातडीने क्ष-किरणतज्ज्ञांच्या हाती द्यावे. रुग्ण महिला, वय ४५. आपला तपासणी क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे. पाठीचा एम.आर.आय. गेल्या सोमवारी झाला. आज नववा दिवस, अहवाल मिळालेला नाही. तपासणीच्या वेळी: दोन महिने रात्रीची पाठदुखी, सायंकाळचा ताप, वजन घटलेले, पाठीच्या मध्यभागी एका मणक्यावर दुखरेपणा. ही माहिती मी मूळ चिठ्ठीत दिली नव्हती. ती चूक माझी. तपासणीनंतर झालेला बदल: तीन दिवसांपासून पाय अडखळतात, आज सकाळपासून लघवी अडली आहे, बेंबीखाली स्पर्श कमी आहे, दोन्ही तळव्यांचे अंगठे वर उचलले जातात. माझा प्रश्न एकच: मज्जारज्जूवर दाब आहे काय, असल्यास कोणत्या मणक्यापाशी, आणि कारण पू दिसते की गाठ? या उत्तरावर आजच शस्त्रक्रिया करावयाची की नाही हे ठरणार आहे. रोगी अहवालासाठी थांबवलेली नाही. ती पुढील रुग्णालयाकडे निघाली आहे. अहवाल टंकलिखित होण्याची वाट न पाहता मला आणि तेथील शल्यचिकित्सकांना फोनवर सांगावे. दोन्ही क्रमांक खाली दिले आहेत. एक तासात फोन न आल्यास मी स्वतः करीन."

या पत्रात 'कृपा' नाही, 'तसदी' नाही, आणि लोभाची मागणीही नाही. तरी यात उद्धटपणा कोठे आहे ते मला कोणी दाखवून द्यावे. त्यात आहे ती रोगी कोण, काय बदलले, मला काय विचारावयाचे आहे, उत्तराने काय ठरेल आणि उत्तर कोठे द्यावयाचे, एवढी पाच उत्तरे. वाचणाऱ्या तज्ज्ञाला अंदाज करण्यासारखे काही ठेवलेले नाही, एवढाच त्या पत्राचा गुण.

पत्राचे मोबाइलवर छायाचित्र काढून पाठवले आणि मागोमाग फोन केला. खिडकीवर नव्हे, थेट तज्ज्ञांना. त्यांचा क्रमांक मिळवायला चार ठिकाणी विचारावे लागले. ते दहा मिनिटांत भेटले, आणि जे बोलले ते ऐकून मी खुर्चीवर बसलो. "अहो, ही केस? हिचा रिपोर्ट मी बुधवारीच सही करून दिला आहे!" आणि त्यांनी तो वाचूनही दाखवला. पाठीचा आठवा व नववा मणका आणि त्यांच्यामधली चकती खाल्ली गेलेली, दोन्ही बाजूंना पू साठलेला, तो मागे सरकून मज्जारज्जूवर दाब. क्षयाची शक्यता अधिक.

बुधवार ते मंगळवार. सहा दिवस तो कागद एका खणात पडून होता. त्यावर सही होती, तारीख होती, अक्षरनअक्षर बरोबर होते. मग पोचला का नाही? मी नंतर मुद्दाम जाऊन चौकशी केली. माझा शिक्का वाचता न आल्यामुळे 'पाठविणारे डॉक्टर' या रकान्यात 'स्वतः' असे भरले गेले होते, म्हणजे बाईने आपली आपणच एम.आर.आय.ची शिफारस केली होती! रुग्णाचा फोन म्हणून जो क्रमांक होता तो एका पुतण्याचा, आणि तो पुतण्या कामासाठी परमुलखात गेलेला. नवऱ्याने गुरुवारी फोन केला तेव्हा फोन घेणाऱ्याने यादी पाहिली; यादी आदल्या दिवशी दुपारची होती. शनिवारी पत्र घेणाऱ्याने पत्र घेतले. अहवाल शोधणे हे त्याचे काम नव्हते. आणि तज्ज्ञांनी 'पाठदुखी' एवढेच वाचून ते चित्र त्या दिवशीच्या इतर पाठदुखींत घातले होते. चित्रात दाब दिसला तेव्हा त्यांनी तो इमानाने लिहिला. परंतु कोणाला फोन करणार? 'स्वतः'ला?

वाचकहो, या साखळीत एकही दुष्ट मनुष्य नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येकाने आपले काम केले, आणि प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या दारापर्यंत येऊन थांबले. माझा आरोप एखाद्या कारकुनावर किंवा तज्ज्ञावर नाही. तो एका समजुतीवर आहे. अहवाल लिहून झाला म्हणजे तपासणी पुरी झाली, अशी ती समजूत. ती खोटी आहे. ज्याला पुढची कृती करावयाची आहे त्या माणसाने अहवाल वाचला, म्हणजे तपासणी पुरी झाली. तोवर ते कोट्यवधी रुपयांचे यंत्र, तो वर्षानुवर्षे शिकलेला तज्ज्ञ आणि त्या बाईने उसने काढून भरलेले पैसे या सर्वांचे मोल एका खणातल्या कागदाइतकेच. बँकेतून दहा रुपये वजा झाले तर आपल्या मोबाइलवर संदेश वाजतो. मणका वजा झाला तर वाजत नाही.

यावर जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. पहिला असा, की तज्ज्ञ थोडे आणि चित्रे फार. कबूल. पुष्कळ ठिकाणी चित्र एका गावी निघते आणि वाचणारा दुसऱ्या शहरात बसलेला असतो. त्याच्या पडद्यावर दिवसभर रांग लागलेली असते. परंतु रांग आलेल्या वेळेप्रमाणे लावावयाची की धोक्याप्रमाणे, हा प्रश्न माणसे थोडी असतील तेव्हाच अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि धोका त्यांना कळणार कसा? आमच्या चिठ्ठीवरूनच. 'पाठदुखी' असे लिहिणारा डॉक्टर आपल्या रोग्याला स्वतःच्या हाताने रांगेच्या शेवटी उभा करतो. शिवाय या प्रकरणात उशीर वाचण्यात झालाच नव्हता. चित्र दोन दिवसांत वाचून झाले होते. सहा दिवस गेले ते पोचण्यात. त्याला तज्ज्ञांची संख्या काय करणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. प्रत्येक डॉक्टर 'तातडीचे, तातडीचे' असे लिहू लागला तर त्या शब्दाला अर्थ राहील काय? राहणार नाही; आजही फारसा उरलेला नाही. तो शब्द हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखा झाला आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, पाकिटावर तो हवा तर लिहा, पण त्यावर विसंबू नका. 'लघवी अडली' असे लिहा. 'तीन दिवसांत चाल बिघडली' असे लिहा. विशेषणाने कोणी धावत नाही, वस्तुस्थितीने धावतो. आणि वस्तुस्थिती तेवढी गंभीर नसेल, तर घाईचे पत्र न लिहिण्याची शिस्तही पाळा. मी त्यानंतर प्रत्येक चौकशीच्या पत्रात 'काय बदलले' हा एक परिच्छेद घालतो. बदल काहीच नसेल तर तसे लिहितो, आणि साधी वेळ मागतो. तेव्हाच माझ्या दुसऱ्या पत्राला किंमत राहते.

तिसरा आक्षेप कायद्याचा. कोणी म्हणेल, नियम आहेत की! आहेत. वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाईकाने कागदपत्रे मागितली, तर ती ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. त्याआधी १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही कागदपत्रे रुग्णापासून दडवता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला आहे. हे जाणून घेणे चांगले. खिडकीवर हुज्जत पडली तर उपयोगी पडते. परंतु ७२ तास ही वकिलाची घटका आहे. लघवी अडलेल्या माणसाचा मज्जारज्जू ती पाळत नाही. आणि हा नियम मागणाऱ्याला कागद देतो. न मागणाऱ्याला 'तुझ्या कण्यात पू आहे' असे आपण होऊन सांगत नाही. हे सांगण्याचे दायित्व कोणाचे, याचा विचार इतरत्र झालेला आहे. इंग्लंडात २००७ साली रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने, क्ष-किरण अहवाल पाठवलेल्या डॉक्टरापर्यंत पोचतो आणि त्यावर कृती होते याची पक्की व्यवस्था असावी, असे इशारापत्रच काढले. म्हणजे खणात पडलेला कागद ही काही केवळ वऱ्हाडची मिरासदारी नव्हे. आपल्याकडेही रुग्णालयांच्या गुणवत्तेचे जे राष्ट्रीय मानांकन आहे, त्यात धोक्याचे निष्कर्ष संबंधितांना तत्काळ कळवण्याची अपेक्षा घातलेली आहे. पण मानांकन घेणे ऐच्छिक. आणि 'संबंधित' या रकान्यात 'स्वतः' लिहिलेले असेल, तर मानांकनवाल्याने तरी काय करावे?

तेव्हा माझी मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक अहवालाच्या तळाशी सहीच्या शेजारी आणखी एक ओळ असावी: कोणाला कळवले, केव्हा, कसे. ती ओळ कोरी असेल तर अहवाल अपुरा समजावा आणि खणात जाऊ देऊ नये. मज्जारज्जूवर दाब, मेंदूत रक्तस्राव, पोटात फुटलेले आतडे असे काही दिसले, तर ती ओळ फोनवर बोलल्याशिवाय भरता येऊ नये. याला नवे यंत्र लागत नाही, शाई लागते.

आणि आम्हा चिठ्ठीवाल्यांसाठीही एक मागणी आहे. मी आता एक वही ठेवली आहे. बाहेर पाठवलेल्या प्रत्येक तपासणीची नोंद तीत असते: रोगी, तपासणी, तारीख, अहवाल कधी यावयाचा, घरातल्या दोन माणसांचे फोन, आणि शेवटी मी तो वाचल्याची तारीख. रोज सायंकाळी दवाखाना बंद करण्यापूर्वी शेवटचा रकाना कोरा असलेल्या ओळी मी पाहतो. रोग्याला 'रिपोर्ट आला की या' असे सांगणे मी बंद केले आहे. 'रिपोर्ट येवो न येवो, गुरुवारी या,' असे सांगतो. या दोन वाक्यांतला फरक त्या बाईच्या पायांइतका मोठा आहे. ती शुक्रवारी आपल्या नवऱ्यासोबत आली असती, तर मी तिला तपासले असते. मी नवऱ्याला पत्र दिले आणि बाईला बोलावलेच नाही. कागदाच्या मागे लागलो, माणूस पाहिला नाही. पर्सिव्हल पॉट नावाच्या लंडनच्या शल्यवैद्याने १७७९ साली कण्याला कुबड येऊन पाय लुळे पडण्याच्या या रोगाचे वर्णन केले, तेव्हा त्याच्याजवळ क्ष-किरणही नव्हते. होते ते डोळे आणि बोट. ती दोन्ही माझ्याजवळही होती.

आता घरच्या मंडळींकडे वळतो, कारण खिडकीवर उभे राहणारे तुम्हीच. चित्र काढून निघताना पावती जपून ठेवा, आणि अहवाल कोणत्या दिवशी, किती वाजता मिळणार ते विचारून तिच्यावरच लिहून घ्या. फोन क्रमांक हाताशी असणाऱ्या माणसाचा द्या, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव व क्रमांक नीट लिहिला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहा. अहवाल लांबला तर निदान चित्राच्या फिल्म किंवा तबकडी मागा. मणक्याचे, मेंदूचे शल्यचिकित्सक चित्र स्वतः वाचू शकतात. आणि मधल्या दिवसांत पाय जड होणे, चप्पल निसटणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, यांतले काहीही झाले तर अहवालाची गोष्टच काढू नका. रोग्याला उचलून घेऊन जा. वाट पाहणे हा त्या रोगाचा उपचार नव्हे.

त्या बाईची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. काढलेल्या पुवाच्या तपासणीत क्षयच ठरला, आणि नेहमीच्या औषधांना दाद देणारा. मणक्याच्या क्षयाची औषधे वर्षभर, कधी त्याहून अधिक घ्यावी लागतात. ती सरकारातून फुकट मिळतात. तिची अजून चालू आहेत. काही आठवड्यांनी नळी निघाली. उन्हाळ्यात ती काठीने चालू लागली. मागच्या महिन्यात ती दवाखान्याच्या दोन पायऱ्या काठी टेकत चढली, आणि चप्पल दाराबाहेर स्वतःच्या पायांनी काढली. डाव्या पायाची बोटे अजून पुरती धरत नाहीत. यंदाच्या वेचणीला ती जाऊ शकत नाही, पुढच्याही जाईल असे वाटत नाही. तिच्याऐवजी मुलगी जाते, शाळा बुडवून.

त्या सहा दिवसांनी त्या डाव्या पायाचे किती नेले, याचा हिशेब मला मांडता येत नाही. बाई मला दोष देत नाही. ती म्हणते, "तुम्ही व्हते म्हणून वाचली जी." हे वाक्य मी मुकाट्याने ऐकून घेतो, आणि सायंकाळी वही उघडून शेवटच्या रकान्यातल्या कोऱ्या जागा मोजतो. आज, हा मजकूर पाठवताना, त्या तीन आहेत. दोघांना फोन करून झाले. तिसरा करावयाचा आहे, म्हणून येथेच थांबतो.